बाऊन्स रेट खाली आला तेव्हा

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. बारामतीत भिगवण रोडला एका दुकानाच्या माडीवर आमचं छोटं ऑफिस होतं. तिथं माझा आवाज चढला की खालचा चहावाला म्हणायचा, 'आज ताईंचं बिनसलंय.' कुणी मला उगीच काही सांगायला आलं की मी भांडणार, हे सगळ्यांना पाठ होतं.

ऑफिस कसलं, तर दुभत्या जनावरांची माहिती देणाऱ्या मराठी वेबसाईटचं. मालक इंदापूरचे, पशुखाद्याचा धंदा करणारे. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. लेख मी लिहायचे. व्हिडिओ आणि वेबसाईटची आतली सगळी बाजू माझी मैत्रीण बघायची. ती वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेली. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो आणि एका डब्यात जेवायचो. तिला या नोकरीत मीच आणलं होतं. तात्यांसमोर मीच छातीठोकपणे म्हणाले होते, 'तिच्याइतकी हुशार पोरगी तुम्हाला मिळायची नाही.' ते खरंच होतं.

एकदा तात्या कुठल्याशा कृषी प्रदर्शनातून आले ते डोक्यात खूळ घेऊनच. आल्या आल्या म्हणाले, "आता वाचत न्हाय कुणी. सगळं व्हिडिओच. लेख बंद करून टाकू." आणि वर पुरावा काय, तर गेल्या वर्षीच्या एका लेखाचे आकडे आणि नुकत्याच टाकलेल्या व्हिडिओवाल्या लेखाचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. बघा म्हणाले, व्हिडिओ असला की लोक पळून जात नाहीत.

माझं डोकं सटकलं. "तात्या, हे म्हणजे एका गाईचं सकाळचं दूध आणि दुसरीचं संध्याकाळचं मोजून कुठली चांगली ते ठरवल्यासारखं झालं. लेख वेगळे, महिने वेगळे, येणारी माणसं वेगळी. एक लोकांना गुगलवर सापडलाय, दुसरा तुम्ही सगळ्या डेअऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलाय. मोजायचंच असेल तर नीट मोजू."

तात्या हसले. "मग मोज की. मी कुठं न्हाय म्हणतोय?"

म्हणजे ती मोजणी मीच मागून घेतली. आटलेल्या गाभण गाईला शेवटच्या दोन महिन्यांत कसं सांभाळायचं, हा माझा सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख. त्याची दोन पानं करायची. मजकूर तोच, फोटो तेच. एकात मध्ये व्हिडिओ, दुसऱ्यात नाही. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना एक दिसेल, निम्म्यांना दुसरं, आणि कुणाला काय दिसायचं ते मशीन ठरवेल. काळ तोच. व्हिडिओ वाचणाऱ्यानं स्वतः दाबला तरच सुरू होणार. मग बाऊन्स रेट, म्हणजे आल्या पावली परत जाणाऱ्यांचं प्रमाण, आणि पानावर घालवलेला वेळ, दोन्ही शेजारी मांडून बघायचं. व्हिडिओ जिंकला तर लेख बंद, नाहीतर माझं काम चालू. हे तिघांत ठरलं. मांडणी मैत्रिणीनं करायची, कारण ते तिचंच काम.

ती म्हणाली, "काळजी करू नकोस गं. मी आहे ना."

मी काळजी केलीच नाही. काय म्हणून करू?

काही आठवड्यांनी तात्यांच्या घरी इंदापूरला बैठक झाली. आम्ही दोघी एकाच एसटीनं गेलो, लासुर्णे येईपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तात्यांकडे पोचल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि तक्ता दाखवला. बिनव्हिडिओच्या पानाचा बाऊन्स रेट नेहमीसारखाच. व्हिडिओवाल्या पानाचा जवळजवळ नाहीसाच झालेला. आलेला माणूस परत जातच नाही म्हणा ना!

मला धक्का बसला. पण आकडा होता. आकड्याशी काय भांडणार? मी एवढंच विचारलं, "आणि वेळ? पानावर थांबले किती?"

"तो फारसा बदललेला नाही," ती म्हणाली. "मोबाईलवर वेळेचं माप तेवढं नीट येत नाही."

तात्यांनी मान डोलावली. येत्या दोनतीन महिन्यांत लेख संपवायचे असं ठरलं. मी चहा प्याले आणि निमूटपणे परत आले. येताना तिनं माझा हात हातात घेतला होता. मला भरून आलं, वाटलं, निदान ही तरी आहे.

पण वेळेचं ते मनात सलत राहिलं. माणसं पळून जात नसतील तर ती थांबायला हवीत ना! थांबली तर वेळ वाढायला हवा. दाराबाहेर कुणी जात नाही आणि घरात गर्दीही वाढत नाही, हे कसं काय?

उत्तर मिळालं पणदऱ्याच्या काकूंकडून. त्यांच्या गोठ्यात आठ-दहा गाई, आणि माझा प्रत्येक लेख त्या वाचणारच. त्यांचा फोन आला. "अगं बया, तुजा त्यो गाभण गायीचा लेख उघडला की ती पोरगी आपोआप हातवारे करायला लागती. नुसतंच तोंड हलवती, आवाज न्हाय. मला काय ते बंद करायला जमंना. मी आपलं सगळंच बंद करून टाकलं."

"काकू, तुम्ही काही दाबलं होतं का?"

"काय बी न्हाय. हात बी लावला न्हाय."

मी तिथंच पान उघडलं. दोनतीनदा उघडल्यावर मला व्हिडिओवालं पान मिळालं. आणि खरंच, आवाज बंद असलेला व्हिडिओ माझ्या डोळ्यांदेखत आपला आपण सुरू झाला. मैत्रीण गाईच्या पाठीवर हात ठेवून मुकाट्यानं बोलत होती.

मग मी सेटिंगमध्ये शिरले. पाहण्याचा अधिकार माझ्याकडेही होता, मी कधी वापरला नव्हता इतकंच. ज्या साधनात आम्ही हे मोजतो त्यात माणूस दहा सेकंदांच्या आत निघून गेला, दुसरं पान उघडलं नाही, आणि आपण 'महत्त्वाची' म्हणून खूण केलेली एकही कृती त्यानं केली नाही, तर तो बाऊन्स. आणि महत्त्वाच्या कृतींत खूण केलेली होती 'व्हिडिओ सुरू झाला' यावर. म्हणजे पान उघडलं, व्हिडिओ आपोआप सुरू झाला, की माणूस रमला अशी नोंद. काकूंसारखा वैतागून लगेच बंद करणारासुद्धा रमलेलाच! बाऊन्स होणार कुठून? वेळ मात्र खोटं बोलत नव्हता. पान समोर असेल तेवढाच तो मोजला जातो, म्हणून तो जिथल्या तिथं राहिला होता.

मी तिला बोलावून दाखवलं. खरं सांगते, ओरडण्याच्या तयारीत होते. तिनं कपाळावर हात मारला. "अय्या! अगं, आधीच्या जाहिरातीसाठी ते चालू केलं होतं, तसंच राहिलं वाटतं. चुकून झालं गं. सॉरी." डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

चुकून. तो शब्द ऐकून मला इतकं बरं वाटलं की मीच तिची समजूत घातली. म्हटलं, होतं गं, एवढं कामाचं ओझं असताना होतं असं कधी कधी. तिला चहा पाजला. वेडी मी!

आम्ही खूण काढली, आपोआप सुरू होणं बंद केलं आणि पुन्हा तेवढेच आठवडे मोजलं. यावेळी मी रोज स्वतः बघत होते. निघालं ते असं: दोन्ही पानांचा बाऊन्स रेट उन्नीस-बीस. व्हिडिओ दाबणारी माणसं थोडी, पण दाबणारी बरीच जास्त थांबत. बाकीची व्हिडिओ ओलांडून खाली वाचत जायची. सरासरी काढली तर व्हिडिओवाल्या पानावर वेळ किंचित जास्त. मी तो किंचितही लपवला नाही. लेख असू द्या, व्हिडिओ खाली ठेवा, ज्याला जे हवं ते घेईल, असं लिहून मी इंदापूरला गेले. यावेळी एकटीच. ती म्हणाली, तिला बरं नाही.

तात्या ओसरीवर बसले होते. मी लॅपटॉप उघडला, सगळं समजावून सांगितलं. आपोआप सुरू होण्याचं, त्या खुणेचं, नव्या आकड्यांचं. ते शांतपणे ऐकत होते. फार शांतपणे. 

मग म्हणाले, "मला ठावं हाय पोरी."

"काय ठाऊक आहे?"

"त्या खुणेचं. तुज्या मैत्रिणीनं तवाच सांगितलं व्हतं, असं केलं की आकडा खाली येतो म्हणून." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "लेख बंद करायचं आमचं आधीच ठरलं व्हतं. व्हिडिओचं सगळं ती बघणार, हे बी. पण तुला सांगायचं कसं? तू कसली हायस ते सगळ्या गावाला म्हाईत. मी तिला म्हणलं, तू घर डोक्यावर घेशील. तर ती म्हणली, तात्या, तिला माणसानं सांगितलं तर ती भांडती. आकड्यानं सांगितलं तर ऐकती. तुमी नुसतं तिच्याच तोंडून मोजणी मागवून घ्या, बाकी मी बघती."

 म्हणजे ते प्रदर्शन, ते गेल्या वर्षीचे आकडे शेजारी ठेवणं, माझं चिडणं, 'नीट मोजू' म्हणणं, सगळं तिनं आधीच बघून ठेवलं होतं. मी कुठं ओरडेन आणि कुठं गप्प होईन, हे इतकी वर्षं एका डब्यात जेवून तिनं शिकून घेतलं होतं. ती खूण चुकून राहिलीच नव्हती. मला ती सापडेल एवढंच तिला वाटलं नव्हतं.

"आणि हे नवे आकडे?" मी विचारलं.

"बरोबरच असतील की," तात्या म्हणाले. "तू कधी चुकीचं करत न्हायस. पण आता ठरलंय."

मी तोंड उघडलं. आयुष्यात इतकी भांडले होते, डेअरीवाल्यांशी, कंडक्टरशी, घरी नवऱ्याशी, ते सगळं या एका दिवसासाठीच जपून ठेवायला हवं होतं. पण काय बोलू, कुणाला बोलू? समोर म्हातारा माणूस, आणि जिला बोलायचं ती घरी आजारपणाचं निमित्त करून पडलेली.

मी लॅपटॉप मिटला आणि उठले. तात्या माझ्याकडे जरा नवलानं बघत होते, अजून काहीतरी येईल याची वाट बघत. मग हळूच म्हणाले, "बघ, काल तिनं फोनवर सांगितलं व्हतं तसंच झालं. म्हणली, माझं नाव निघालं की ती भांडायची न्हाय, गप उठून जाईल."