दोन पैशांचा फरक

आमचे बिलवाले काका तीस वर्षं गोदामाची बिलं करत होते. नवं सॉफ्टवेअर आलं आणि ग्राहकाच्या संगणकात त्याच बिलाचा कर दोन पैशांनी जास्त येऊ लागला. मी फटकळच. सगळ्यांसमोर काकांची खरडपट्टी काढली.

महिन्याभराने डोक्यात प्रकाश पडला. बिलात पाच ओळी, प्रत्येकीवर कर १२.४ पैसे. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीचे १२ धरून ६० करायचं. ग्राहकाचं आधी पाचांची बेरीज करून ६२. ओळीगणिक पूर्णांक करायच्या पर्यायावर सॉफ्टवेअर बसवताना मीच खूण केली होती.

खाली मान घालून काकांकडे गेले. त्यांनी खणातून महिन्यापूर्वीचा कागद काढला. हीच आकडेमोड.

“मग बोलला का नाहीत?”

“सगळे ऐकत होते, बाई. तुमची चूक चारचौघांत कशी काढणार?”