सातव्या महिन्यातलं विमान

आमच्या सालेकसा भागात पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी पोचवतात. ओटी भरतात, हिरवी साडी नेसवतात आणि खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावरून जीपमध्ये बसवून पाठवून देतात. या प्रवासाला कुणाची हरकत नसते. मी मात्र त्याच सुमारास विमानाने बंगळूरला जायचं म्हणाले, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं.

आमच्या बायकांच्या गटाने हिरानखी, लुचई अशा जुन्या धानाच्या वाणांचं बियाणं जपून ठेवलं आहे. बंगळूरला बियाणं राखणाऱ्यांचा मेळावा होता आणि त्यात मला बोलायला बोलावलं होतं. बाईच्या कामाची दखल गोंदियातच कुणी घेत नाही, तिथे बंगळूरने घेतली होती. मला जायचंच होतं. पण पोटात बाळ होतं आणि त्याच्या आधीचं एक गेलं होतं. म्हणून जायचं की नाही, हा प्रश्न साधा नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "कायले जातंस? सरकारी मेडल भेटून राहिला का?"

मला राग पटकन येतो. "मेडल नाही, मान मिळतोय," मी म्हणाले आणि भांडी जरा जोरात आपटली. त्यांची भीती जुन्या वळणाची आहे, असं मी धरून चालले होते. गरवार बाईनं गावाची शीव ओलांडू नये वगैरे वगैरे.

नवऱ्याने तिकिटं काढली, तीही आईच्या हिशोबावर. सासूबाई महिने मोजतात ते पाळी चुकल्यापासून. त्यांच्या मोजणीने जाण्याच्या दिवशी सहावा सरत आलेला असणार होता. माझ्या मावशीने, आत्याने, साऱ्या गावाने असेच महिने मोजले आहेत, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिकिटाबरोबर आलेले नियम नवऱ्याने नंतर वाचले. त्या विमान कंपनीत अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत काही लागत नव्हतं. पुढे डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं होतं आणि छत्तीस आठवड्यांनंतर ते गरवार बाईला घेतच नव्हते. जुळं असेल तर त्याच्याही आधीपासून नाही.

"आपल्याला काही लागत नाही," तो खुशीत म्हणाला.

पुढच्या तपासणीला गोंदियाला गेलो, तेव्हा सासूबाईही हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंनी तारखा विचारल्या आणि नवऱ्याकडे बघून हसल्या. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे सासूबाईंच्या हिशोबापेक्षा आमचं बाळ चार आठवड्यांनी मोठं होतं. जाण्याच्या दिवशी मला एकोणतिसावा आठवडा लागलेला असणार होता. नवऱ्याचा चेहरा उतरला.

"प्रवासाला सगळ्यात बरा काळ मधले तीन महिने," बाई म्हणाल्या. "उलट्या थांबलेल्या असतात, पोट फार जड झालेलं नसतं. तुम्ही त्या काळाच्या अगदी टोकाशी आहात. एकच बाळ आहे, बीपी ठीक आहे, रक्त बरं आहे, सिकलसेलची तपासणी निगेटिव्ह आहे. जायला हरकत नाही. पण प्रमाणपत्र आज देणार नाही. कंपनीला ते प्रवासाच्या जवळच्या तारखेचं लागतं. निघायच्या दोन-तीन दिवस आधी या, पुन्हा तपासते आणि मग लिहून देते. परतीच्या दिवसालाही ते चालतं का, हे कंपनीला विचारून ठेवा."

मग त्यांनी राहण्याचं विचारलं. आयोजकांनी शहराबाहेरच्या शेतघरात सोय केली होती, आंब्याची झाडं, तळं, सगळं छान. बाईंनी मान हलवली. "तळं काय करायचं आहे? रात्रंदिवस बाळंतपणं करणारं, कमी दिवसांच्या बाळाला सांभाळू शकणारं हॉस्पिटल जवळ असेल, तिथे खोली घ्या."

मी उठणार, तेवढ्यात सासूबाई बोलल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"बाई, मांगच्या वेळी मी हिला कचारगडच्या जत्रेले नेली होती. तिसरा महिना होता. चढ लय आहे तिथं. मंग चार दिवसांनी... ते माझ्यानंच गेलं नं?"

त्या वेळी सासूबाई घरात रडल्या नव्हत्या, माझ्याशी त्याबद्दल बोलल्याही नव्हत्या. मला वाटायचं, त्यांच्या लेखी ते बाळ कधी आलंच नव्हतं. आणि इथे त्या टेबलाची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो तो बहुतेक वेळा गर्भातच दोष असतो म्हणून. चढल्यानं पडत नाही. तुमच्यानं काही झालं नाही."

सासूबाईंनी तेच पुन्हा विचारलं आणि बाईंनी तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे. परतताना फुलचूरला माझ्या माहेरी चहाला थांबलो. माझ्या आईने काळजीने विचारलं, "मग, जायचं नाही म्हणाल्या ना डॉक्टर?" सासूबाईंनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाल्या, "जाऊन राहिली ते. मीबी जाऊन राहिली संगं. काऊन नाही जाणार?"

त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी खारी शोधायला स्वयंपाकघरात गेले.

पुढचं सगळं त्यांनी हातात घेतलं. नवऱ्याने स्वतःच्या तिकिटाऐवजी त्यांचं काढलं. शेतघर नको, हे आयोजकांना त्यांच्या गोंदियाच्या हिंदीत त्यांनीच फोनवर सांगितलं. "तालाब देखने नहीं आ रहे, साब." हॉस्पिटलच्या समोरच्या गल्लीतलं एक साधं लॉज मिळालं. ठरल्या दिवशी प्रमाणपत्र घेतलं. त्यावर आठवडे, बाळंतपणाची अंदाजे तारीख, एकच बाळ असल्याचं आणि मी प्रवासाला योग्य असल्याचं लिहिलं होतं. नागपूरला जाताना कोहमाऱ्याला ढाब्यावर गाडी थांबवून मला चालायला लावलं, ते सासूबाईंनीच. विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीने माझ्या पोटाकडे बघायच्या आत त्यांनी कागद तिच्यापुढे ठेवला होता. मला मधल्या वाटेकडेची जागा मिळाली. पट्टा पोटाच्या खालून बांधायचा, हे मला माहीत होतं, तरी त्यांनी दोनदा तपासलं. आणि सारखं पाणी पाजलं, त्यामुळे मी सारखी पुढची सीट धरून उठत राहिले. पुढचा माणूस वैतागला तर वैतागला.

लॉजवर पिशवी टेकवताच त्या समोरच्या हॉस्पिटलात गेल्या आणि बाळंतपणाचा विभाग कुठल्या मजल्यावर आहे, दार कुठलं, लिफ्ट चालते का, हे वॉचमनला विचारून आल्या. आम्हाला त्याची गरज पडली नाही. पण त्या खोलीत मी जितकी निवांत झोपले, तितकी पोट दिसायला लागल्यापासून कधी झोपले नव्हते.

मेळाव्यात मी बोलले. चांगलं बोलले, हे मी लाजून सांगणार नाही. पहिल्या रांगेत सासूबाई नऊवारीत ताठ बसल्या होत्या. माझ्या बोलण्यातलं अर्धं तरी बियाणं त्यांच्या कणगीतलं होतं, तेही मी सगळ्यांसमोर सांगितलं.

जेवणाच्या वेळी एक वयस्क बाई त्यांच्याजवळ येऊन बसली. माझ्या पोटाकडे बघून तिने हिंदीत कौतुकाने विचारलं, पहिलंच नातवंड का?

सासूबाईंनी घास खाली ठेवला.

"नहीं. दुसरा है," त्या म्हणाल्या. "एक गया. एक आ रहा है."

घरात त्या बाळाला कुणीच कधी मोजलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी त्यांच्या ताटात भात वाढला आणि त्यांच्या शेजारी बसून जेवले.