‘ओळखलं का, काकू?’

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. पहाटे गार होतं. विळीला धार लावून घेतली. दुपारभर अनिमेषच्या सेंटरवर रेकॉर्डिंग ऐकली. चारुदत्तला नव्या मुलींना शिकवायला बसवायचं आणि उज्ज्वलाला काढायचं, असं अनिमेषच्या मनात आहे. उद्या ठरवणार म्हणतो. पालक कडू निघाला.

एवढं लिहून रत्नप्रभाबाईंनी वही मिटली, पण चारुदत्तचा आवाज काही कानातून जाईना. पाकात बुडवून काढलेला आवाज. अनिमेष त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. यवतमाळात औषधाच्या दुकानाच्या माडीवर त्याचं आठ खुर्च्यांचं कॉल सेंटर होतं. डोळ्यांच्या एका दवाखान्याचं काम त्याला मिळालं होतं. गावोगावच्या शिबिरांत ज्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, त्यांना फोन करून तपासणीला बोलवायचं. मावशी कॉन्व्हेंटात शिकलेली, भाषेत कोणाचीही गय न करणारी, शिवाय घरी एकटीच. म्हणून त्याने तिला रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायला बसवलं. पगार चहाचा.

चारुदत्त त्या माडीवरचा हिरा होता. असं अनिमेष म्हणायचा, आणि चारुदत्तलाही ते पटलेलं होतं. केसांना जेल, मनगटात काळा धागा, आणि पहिल्याच दिवशी कोणी न सांगता तो रत्नप्रभाबाईंना ‘मावशी’ म्हणू लागला. जगात कोणाशीही नातं लावायला त्याला परवानगी लागत नसे. त्याचे फोन लोक तोडत नसत. का तोडत नसत, हे विचारायची अनिमेषला गरज वाटली नव्हती. संगणकावर त्याच्या नावापुढची न तुटलेल्या फोनांची रेघ सगळ्यात लांब दिसायची, तेवढं त्याला पुरे होतं.

उज्ज्वला चव्हाण ढाणकीकडच्या तांड्यातली. यवतमाळात खोली घेऊन राहायची, बारावीनंतरचं शिक्षण बाहेरून करायची. ही नोकरी गेली तर खोली सुटणार आणि सामान बांधून तांड्यावर परतावं लागणार, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे फोन लोक तोडत. रत्नप्रभाबाईंनी त्यातले बरेच ऐकले होते. मुलगी अनिमेषने दिलेला कागद इमानाने वाचायची: “नमस्कार! कसे आहात आपण? आपला दिवस आनंदात जावो! आपल्या मौल्यवान वेळातील केवळ दोन मिनिटं आम्ही घेऊ इच्छितो...” दवाखान्याचं नाव चौथ्या वाक्यात. तिथवर पोचायच्या आत समोरचा माणूस कर्जवाला समजून फोन ठेवून मोकळा. कापूस वेचता वेचता कोणाचा दिवस कोणाच्या शुभेच्छेने आनंदात जातो?

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभाबाईंनी अनिमेषला शेजारी बसवलं आणि चारुदत्तचा आदल्या आठवड्यातला एक फोन लावला. उमरखेड तालुक्यातल्या मानीबाई जाधव यांना केलेला.

“हॅलो काकू! ओळखलं का?”

“कोन? शाम हाये का रे? पुसदवाला?”

चारुदत्त गोड हसला. ‘हो’ही म्हणाला नाही, ‘नाही’ही म्हणाला नाही. तब्येत विचारली. शाम म्हणून मानीबाईंनी त्याला पीकपाणी सांगितलं, सुनेची तक्रार सांगितली, मग डोळ्याला पाणी येऊन राह्यलं, ठणकून राह्यलं, तेही सांगितलं.

“होईल हो काकू बरं. गुरुवारी यवतमाळला तपासायला या हं.”

“दवाखान्यातून फोन येनार हाये म्हने, तवा जाईन. तुले काय समजते रे त्यातलं?”

दोघंही हसले. फोन संपला. चारुदत्तने मानीबाईंच्या नावापुढे खूण केली होती: रुग्णास कळवले. गुरुवारी मानीबाई आल्या नव्हत्या.

अनिमेष म्हणाला, पण मावशी, तिनं फोन तोडला नाही ना. रत्नप्रभाबाईंनी बहिणीच्या या एकुलत्या एका फळाकडे नीट पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “तिनं शामचा फोन तोडला नाही. दवाखान्याचा फोन तिला अजून आलेलाच नाही.”

चारुदत्तला बोलावलं. त्याने हात पसरले. “मी कुठं म्हटलं मी शाम आहे? त्यांनीच मानलं. आपुलकीनं सुरुवात केली की माणूस थांबतो, मावशी.” हे सांगताना त्याला लाज वाटली नाही. लाज वाटायला माणसाला आधी आपण काय केलं ते कळावं लागतं.

अनिमेषला वाद नको होता, त्याला निकाल हवा होता. तो म्हणाला, उज्ज्वलाने आत्ता मानीबाईंनाच फोन लावावा. मावशी सांगेल तशी सुरुवात करावी. याही वेळी तुटला तर विषय संपला.

उज्ज्वला कागद घेऊन फोनपाशी बसली. रत्नप्रभाबाईंनी तिच्या हातातला कागद काढून घेतला. समोरून हॅलो आलं की गप्प राहू नकोस, त्यांनी सांगितलं. तेवढ्या शांततेतच लोक फोन ठेवतात. आधी तुझं नाव, मग कुठून बोलतेस, मग कोण हवं. आणि थांब. ऑपरेशनचा विषय बाई स्वतः फोनवर आल्याशिवाय काढायचा नाही. तो तिचा खाजगी मामला. कोणाची काकू-मामी करू नकोस.

फोन मानीबाईंचे यजमान अमरसिंग यांनी उचलला.

“नमस्कार. मी उज्ज्वला चव्हाण, यवतमाळच्या डोळ्यांच्या दवाखान्याकडून बोलून राह्यली. मानीबाई जाधव आहेत का?”

“लोनबिन नाही पाह्यजे आमाले.”

चारुदत्तने भिंतीला टेकून भुवया उडवल्या. उज्ज्वला घाईला आली नाही.

“लोनचा फोन नाही जी, दवाखान्याचा आहे. भरवसा नसन तर मी ठेवते. तुमच्याजवळच्या दवाखान्याच्या कार्डावर नंबर आहे, त्याच्यावर लावून पाहा. नाहीतर केव्हा करू, ते सांगा.”

पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या. मग अमरसिंग आतल्या बाजूला ओरडले, आणि मानीबाई फोनवर आल्या.

“मानीबाई, तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल फोन केला. तपासणी राहून गेली. आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का?”

“काहून नाही? तुमच्याच फोनची वाट पाहून राह्यलो ना! डोळा लय लाल झाला, बाई. कालपासून धूसर दिसून राह्यलं.”

उज्ज्वलाने पुढचा प्रश्नही विचारला नाही. थांबायला सांगून तिने फोन दवाखान्यातल्या सिस्टरकडे जोडून दिला. गुरुवारची वाट पाहायची नाही, आजच निघा, असं सिस्टरने सांगितलं. संध्याकाळी मानीबाई जीपने पोचल्या. डोळ्यात जंतुसंसर्ग होता. वेळेत आल्या, उपचार सुरू झाले, असा दवाखान्याचा निरोप आला.

अनिमेषने भिंतीवर चिकटवलेली त्या कागदाची प्रत काढली. माफी मागितली नाही. ते त्याच्या आईकडूनच आलेलं होतं. नव्या मुलींना कसं सुरू करायचं ते उज्ज्वलाने दाखवावं, एवढं तो कोणाकडेही न बघता म्हणाला. उज्ज्वला उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ तिथेच थांबली.

चारुदत्तने त्याच संध्याकाळी नोकरी सोडली. इथे माणसं ओळखणारं कोणी नाही म्हणाला. नागपूरला फोनवरून प्लॉट विकणाऱ्या एका कंपनीने त्याला आधीच हेरलं होतं. रत्नप्रभाबाईंना त्यात नवल वाटलं नाही. जिथे फोनवाला कोण आहे हे कळलं की गिऱ्हाईक पळतं, तिथे असा मुलगा सोन्याच्या भावाने जातो. जाताना तो त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. मंगळवार, १८ नोव्हेंबर. उज्ज्वलाची जागा राहिली. मानीबाईंवर उपचार सुरू. तुरीच्या डाळीत किडे झाले होते, निवडून डबा उद्याच्या उन्हासाठी गच्चीच्या दारात ठेवला.