आईच्या गुडघ्याचे तीस गुण

आमच्या घरात गाडी येणार येणार म्हणता म्हणता सात महिने गेले. तीन गाड्यांपर्यंत आम्ही आलो आणि तिथेच घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिलो. निळी छोटी पण आत उंच, पांढरी लांब डिकीवाली आणि करडी मोठी, जमिनीपासून चांगली वर असलेली. सोमवारी निळी ठरायची, बुधवारी कोणाचा तरी व्हिडिओ बघून पांढरी, आणि शनिवारी स्टाफरूममध्ये कोणी काही बोललं की मी करडीवर यायचो. शोरूमवाल्यांनी फोन करणंही सोडलं होतं.

गाडी हवी होती ती आईसाठी. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. एसटीची पायरी तिला चढवत नाही आणि रिक्षातून राजापूरपर्यंत कोण जाणार? राजापूरला तिची धाकटी बहीण असते, माझी मावशी. दोघी बहिणी दीड वर्षात भेटल्या नव्हत्या. फोनवर रोज बोलायच्या आणि शेवटी आई म्हणायची, "गाडी आली की येते गो."

मी कॉलेजात गणित शिकवतो. एका रविवारी मला माझीच कीव आली आणि मी म्हटलं, बास, आता तक्ता करू. उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीवर सहा मुद्दे लिहिले: आईची चढ-उतर, आमची गल्ली, सुरक्षितता, इंधन, सर्व्हिसची सोय, डिकी. प्रत्येक मुद्द्याला भार द्यायचा, सगळ्या भारांची बेरीज शंभर. मग प्रत्येक गाडीला प्रत्येक मुद्द्यावर दहापैकी गुण. गुण गुणिले भार, बेरीज, भागिले शंभर. जिचा आकडा मोठा ती गाडी आणायची आणि तोंड बंद करायचं.

"भार आधी ठरवायचे, गाड्यांना गुण नंतर," मी आईला आणि बायकोला बजावलं. "एकदा गुण दिसले की माणूस भारात लबाडी करतो. पेपर तपासायला घेतल्यावर मार्किंग स्कीम बदलत नाहीत, तसंच हे."

हे वाक्य मी किती तोऱ्यात म्हटलं होतं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आई म्हणाली, "मला मेलीला दहा पुरेत. मी कितीदा बसणार गाडीत?"

बायको म्हणाली, "दहा नाही, तीस. गाडी कोणासाठी घेतोय आपण?" आणि पुरवणीवर तिनेच लिहिलं: चढ-उतर तीस, गल्ली वीस, सुरक्षितता वीस, इंधन पंधरा, सर्व्हिस दहा, डिकी पाच. तो कागद फ्रिजला चिकटवला.

मग आईला घेऊन आम्ही तिन्ही गाड्या चालवून पाहिल्या. निळीची सीट तिच्या कमरेच्या उंचीला होती. ती पाठमोरी टेकली, पाय आत घेतले आणि बसली, कोणी हात द्यायला नको. पांढरीत बसली ठीक, पण उठताना आम्हाला दोघांना ओढावं लागलं. करडीत तिचा पायच पोचेना. शोरूममधल्या मुलीने स्टूल आणलं, मी कोपराखाली हात दिला, तरी वर जाईपर्यंत आईच्या कपाळावर घाम आला. "जमेल हो सवयीने," ती म्हणाली. बायकोने कागदावर लिहिलं: निळी नऊ, पांढरी पाच, करडी चार.

गल्लीतही तेच. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि आमच्या फाटकाशी काटकोनात वळण. निळी एका दमात आत, करडीला तीनदा मागेपुढे करावं लागलं.

सगळे आकडे मी कॉम्प्युटरवर भरले. निळी आठ दशांश शून्य पाच. पांढरी साडेसहाच्या जरा वर. करडी सहा दशांश एक, शेवटची.

आता खरं सांगायचं तर मला करडी हवी होती. गाड्या पाहायला लागल्यापासून मी ती मनात कॉलेजच्या वडाखाली उभी केली होती. माझ्या हाताखाली शिकलेले पोरगे तसल्या गाड्यांतून येतात, आणि मी पंचवीस वर्षं स्कूटरवर. ही गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी नव्हतीच.

भार थोडे हलवून निकाल टिकतो का हे तपासायचं असतं, ती रीतच आहे. मी स्वतःला तेच सांगितलं. भारांचे आकडे दोन-चारांनी इकडे तिकडे करून पाहिले, निळी जागची हलली नाही. तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. घाटातले रस्ते आहेत म्हणून सुरक्षिततेला चाळीस. आंब्याच्या पेट्या न्यायच्या असतात म्हणून डिकीला वीस. मग शंभर जमवायला कुठून तरी काढायला हवे होते. गल्लीचे दहा केले, इंधनाचे दहा केले. आणि आईचे तीस होते, त्यांचे दहा केले. करडी साडेसात, पांढरी सात दशांश तीन, निळी सहा दशांश नऊ.

संध्याकाळी चहाला मी लॅपटॉप पुढे ठेवला. "करडी आली पहिली," मी म्हटलं. आवाज अगदी निकाल वाचावा तसा.

बायको पडद्याकडे बघत राहिली. मग उठली, फ्रिजवरचा कागद काढून टेबलावर ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, घाट सांगितला असता, पेट्या सांगितल्या असत्या.

आईने चष्मा लावला. कागद पाहिला, पडदा पाहिला. तिला आकडे कळतात, तिनेच मला पाढे शिकवलेत. आणि ती म्हणाली, "मी पहिल्यापासून दहाच म्हटले होते ना? बरोबर केलंस तू." मग चष्मा काढत, "राजापूरला तुम्ही दोघं जाऊन या. काजूगर काढून ठेवलेत, तेवढे पोचवा तिला."

मला तिच्याकडे बघवेना. लाज म्हणतात ती नेमकी काय असते ते मला बावन्नाव्या वर्षी कळलं. विद्यार्थ्याची कॉपी पकडली की मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभा करतो. इथे माझी आईच माझी कॉपी झाकत होती.

"मी आकडे बदलले, आई," मी म्हटलं. "मला ती गाडी आवडली होती म्हणून." आणि दोघींसमोर एकेक भार परत टाकला. निळी वर आली. बायको म्हणाली, "चहा गार झाला तुमचा, बदलून आणते."

निळी गाडी आली आणि पहिल्याच रविवारी आम्ही राजापूरला गेलो. दारात उतरताना आईने कोणाचा हात घेतला नाही. दोघी बहिणी एकमेकींना धरून किती तरी वेळ उभ्या होत्या. मग ओटीवर बसल्यावर मावशीने विचारलं, गाडी छान आहे गो, कोणी निवडली?

"ह्याने," आई म्हणाली. "चांगला तक्ता मांडून निवडली. माझ्या गुडघ्यांना तीस गुण दिले, सगळ्यांत जास्त."

मावशीने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. बायको कपातला चहा फुंकत होती. मला सांगायचं होतं की तीस मी दिले नव्हते, मी काढून घेतले होते. आईने हळूच माझ्या हातावर थोपटलं, आणि मी गप्प बसलो.