वाइंडिंग येणाऱ्या पोरीचा बायोडाटा

साताऱ्यात एमआयडीसीच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं आणि टायपिंगचं दुकान आहे. वीस वर्षं झाली, अख्ख्या जिल्ह्याची पोरं माझ्या टेबलापुढं येऊन बसतात आणि तेच ते म्हणतात, "आक्काताई, बायोडाटा करायचाय, अर्जंट." काय काय येतं तुला, असं विचारलं की फाइल पुढं सरकवतात. स्वतः तोंड उघडायचं नाही, फाइल बोलणार! डोक्याला नुसता ताप.

स्वप्ना त्यातलीच. वीस वर्षांची, फलटणची. आयटीआयला इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं पुरी करून पास झालेली. एका दुपारी आली आणि माझ्यापुढं सतरा कागद मांडले. योग दिनाचं प्रमाणपत्र, वृक्षारोपणाचं, सहावीतल्या चित्रकलेचं. त्यांच्या खाली कुठंतरी आयटीआयची गुणपत्रिका. वर आधीचा बायोडाटा, तीन पानी, दुसऱ्या कुठल्या दुकानात केलेला. सुरुवातच अशी की आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावण्याची माझी इच्छा आहे.

"हे तू लिहिलंस?"

"न्हाई. त्यांच्याकडं तयारच हुतं. फकस्त नाव बदललं."

चार कंपन्यांत दिला होता, एकीनंही बोलावलं नव्हतं. बोलावतील कशाला? आता पाचवी. पंपाच्या मोटारी बनवणारी, वाइंडिंग विभागात, म्हणजे मोटारीत तांब्याची तार भरायच्या कामाला, ट्रेनी पाहिजे होते, मुलाखत दुसऱ्या दिवशी अकराला. हॉस्टेलची खोली महिनाअखेर सोडायची होती. इथं नाही जमलं तर फलटणला परत. आणि तिथून रोज येऊन नोकरी हुडकणं तिला परवडणारं नव्हतं.

"वाइंडिंग येतं का पण?"

"येतं की."

"आयटीआयमध्ये किती मोटारी केल्यास?"

"तिथं दोन. मामाकडं लय केल्या."

मी हात थांबवले. "कुठला मामा?"

मामा म्हणजे कोंडीबा, फलटणला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. अकरावी-बारावीला ही त्याच्याच घरी राहायला होती. दोन वर्षं रोज दुपारी दुकानात. आयटीआयला आल्यावरही दर सुट्टीत तिथंच. जळालेली मोटर खोलायची, जुन्या तारेचे वेढे मोजून लिहून घ्यायचे, तारेचा गेज म्हणजे जाडी बघायची, कॉइल करायच्या, खाचांत कागद घालून त्या बसवायच्या, वार्निश द्यायचं, मेगर नावाचं मीटर लावून करंट गळतो का ते तपासायचं. हे सगळं तिनं मला घडाघडा सांगितलं, आणि त्यातलं एक अक्षर त्या तीन पानांत नव्हतं!

"अगं बाई, हे का नाही लिहिलंस?"

"त्याचा कागद न्हाई, आक्काताई. सर्टिफिकेट न्हाई."

मी कपाळाला हात लावला. झाडाला पाणी घातल्याचा कागद आहे म्हणून ते लिहायचं, आणि ज्या कामानं बोटं पोळली ते सोडून द्यायचं. काय म्हणावं या पोरांना!

योग, झाडं, चित्रकला, सगळं बाजूला टाकलं. एक पान केलं. वर नाव आणि फोन. लगेच खाली प्रत्यक्ष कामाचा अनुभव, मामाच्या दुकानाचं नाव, कोणकोणती कामं केली ते, आणि मोटारी किती. "आठवतील तेवढ्याच सांग, एकबी वाढवायची न्हाई," मी दम दिला. पन्नासपर्यंत आल्यावर ती म्हणाली, "म्होरचं नीट आठवत न्हाई." मग पन्नासच लिहिल्या. त्याखाली आयटीआय, मग छोटे कोर्स, घरगुती उपकरणं दुरुस्तीचा तीन महिन्यांचा आणि एमएससीआयटी. चौकशीसाठी मामाचा नंबर. शेवटी 'वरील माहिती खरी आहे' अशी ओळ, आणि खाली तिची सही.

"मामाला आजच फोन करून सांग, कंपनीतनं विचारतील म्हणून."

"सांगते की."

नाही सांगितलं. विसरली! दुसऱ्या दिवशी दीडच्या सुमाराला आली आणि बाकड्यावर बसली. पाणी पिऊन सांगायला लागली. साहेबांनी बायोडाटा वाचला, चांगले प्रश्न विचारले, तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. ते खूश झाले आणि खात्री करायला म्हणून तिच्यासमोर मामाला फोन लावला. स्वप्ना नावाची मुलगी तुमच्याकडं कामाला होती का? तर मामा म्हणाला, "न्हाई साहेब. माझ्याकडं कुणीबी कामाला न्हाई. कवाच न्हवतं." आणि फोन कट.

साहेबांनी तिच्या सहीवर बोट ठेवलं. खोटं लिहून वर सही करता, म्हणाले. तिनं हात जोडले, एक मोटर देऊन बघा म्हणाली. शेवटी ते एवढ्यावर आले की उद्या दुपारपर्यंत दुकानाचं पत्र आणा, टेस्ट घेऊ, नाहीतर विषय संपला.

माझं डोकंच सटकलं. मी मामाला फोन लावला. "काय वं कोंडीबा, भाचीच्या पोटावर पाय दिलात की!"

"आवं, मला काय म्हाईत कंपनीचा फोन हाय? मला वाटलं, दुकानं तपासणारा साहेब. अठराच्या आतली पोरगी कामाला ठेवली म्हणून धरतोय का काय! अन् खोटं तरी काय बोललो? ती काय कामाला हुती व्हय? घरचीच पोरगी, येत हुती, बसत हुती."

"बसत होती? पन्नास मोटारी बसून झाल्या?"

त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मात्र आला. बुद्धाचं चित्र छापलेलं लेटरहेड आणि शिक्का पिशवीत घेऊनच. माझ्या शेजारी बसून सांगायला लागला, "लिवा. कुमारी स्वप्ना ही माझी भाची असून तिनं मला दुकानात मदत केली."

"मदत न्हाई मामा," स्वप्ना म्हणाली. "काम."

"आगं, घरातलंच मानूस तू. घरच्याचं कोण काम म्हणतंय व्हय?"

"ते साहेब म्हणत्यात. अन् मीबी म्हणते."

मामानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलंच नाही, सरळ 'काम केले' असं टाइप केलं आणि प्रिंट काढली. त्यानं सही केली, शिक्का मारला. पोरगी पत्र घेऊन कंपनीत पळाली. मामाची परतीची गाडी साडेचारची, म्हणून तो तिथंच बाकड्यावर बसला, आणि मला त्याला दोनदा चहा पाजावा लागला.

चारला त्याचा फोन वाजला. त्यानं नंबर बघितला आणि तसाच धरून बसला. "उचला की वं!" मी ओरडले. उचलला.

साहेबांचा मोठा आवाज मलाही ऐकू आला, टेस्ट तिनं चांगली दिलीय. आता तुम्ही एकच नीट सांगा. काल नाही म्हणालात, आज पत्र देता. खरं काय?

मामानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "काल... काल म्या खोटं बोललो, साहेब. भ्यालो. पोरगीनं लिवलंय ते समदं खरं हाय. पन्नास बी कमीच लिवल्यात तिनं."

पलीकडून आता हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं. मामा नुसतं व्हय व्हय करत राहिला. फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"सोमवारी आठला हजर व्हायला सांगितलंय." त्यानं टोपी घातली, पिशवी उचलली आणि परत खाली बसला. "आक्काताई, उन्हाळ्यात मोटारी लय जळत्यात वं. आता मला कामाला मानूस ठेवाय लागंल."