पालथ्या पाट्या

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस होते. गिरगावातून रोज सकाळी बसने मी घोडपदेवला जायची, आणि वाटेत भिंतीवर काल नसलेली एखादी घोषणा दिसली नाही असा दिवस नव्हता. मी नुकतीच मास्तरीण झाले होते, आणि अंगात एवढा उत्साह होता की आई म्हणायची, "तुझ्या पायाला भिंगरी लागली आहे का?"

माझी शाळा म्हणजे चाळीतली तळमजल्याची एक लांबट खोली. ट्रामच्या रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेची ती शाखा. पहिली ते चौथी, चारही वर्ग त्या एका खोलीत आणि शिकवायला मी एकटी. पहिल्या आठवड्यात माझा घसा बसला. एका वर्गाशी बोलायला लागले की उरलेले तीन वर्ग बाजार भरवायचे.

मग मी हट्टाला पेटले. रात्रीच्या जेवणाआधी रोज टाचण काढायला बसायची, पण एका पाठाचं नव्हे, चार वर्गांचं, शेजारी शेजारी चार रकाने मांडून. ज्या वेळी माझं तोंड एका रकान्यात चालू, त्या वेळी उरलेल्या तिन्हींत हातांना काम हवं. फळ्याचे दोन भाग केले. सकाळी सगळ्यांना मिळून एक गोष्ट सांगायची. मग चौथीने त्या गोष्टीवर चार ओळी लिहायच्या, तिसरीने फळ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं, दुसरीने त्यातलेच शब्द गिरवायचे, आणि मी पहिलीच्या चटईवर अक्षरं घेऊन बसायची. नंतर पहिलीला चिंचोक्यांचे ढीग मोजायला द्यायचे आणि मी दुसरीच्या चटईकडे सरकायची. अडलं तर आधी फळा बघ, मग शेजाऱ्याला विचार, मग चौथीतल्या प्रमुखाला, आणि तरीही अडलं तरच बाईंना. काम संपलं की पाटी पालथी घालायची आणि गप्प बसायचं.

आणि बदल केव्हा करायचा? तो तर मला आयताच सापडला होता! समोरच्या गिरणीच्या फाटकावर दरवान दर अर्ध्या तासाने पितळी थाळीवर टोल द्यायचा. टोल पडला की अख्खी खोली कूस बदलायची. चिंचोके डब्यात, शब्दांची कार्डं टोपलीतून बाहेर, मी पुढच्या चटईवर. मला तर वाटायचं, एवढी सुंदर शाळा साऱ्या मुंबईत नसेल. मी स्वतःवरच खूश होते.

चौथीची प्रमुख एक सावळी, बारीकशी मुलगी होती. तिचा धाकटा भाऊ पहिलीत. आई गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला, वडील कोकणात गावाकडे. भावाला धुऊन-पुसून, केस विंचरून तीच शाळेत आणायची आणि तीच घरी न्यायची.

एके दिवशी निरोप आला की तपासनीस येणार. एका बाईने चार वर्ग सांभाळणं म्हणजे मुलांचं नुकसान, असं मोठ्या शाळेत कुणाचं तरी मत पडलं होतं. तपासनिसांनाही ते पटलं तर शाखा बंद, मुलं ट्रामच्या रस्त्यापलीकडे. मोठ्या शाळेत चौथी सकाळची आणि पहिली दुपारची, चौथी सुटते त्याच वेळी पहिली भरते. मी त्या मुलीच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती पदराने हात पुसत म्हणाली, "बाई, एकाक सोडूक आणि दुसऱ्याक आणूक घरात माणूस खंय आसा? झिलाक धाडीन. चेडू ऱ्हवात घराक." मुलगा जाणार, मुलगी घरी बसणार. मी तिच्यावर चिडले, मग घरी जाताना बसमध्ये रडले. तिचं तरी काय चुकलं होतं? चूक असेल तर ती मोठ्या शाळेच्या त्या घड्याळाची.

तपासनीस आले त्याच सकाळी समोरच्या गिरणीतले कामगार काम टाकून मोर्चाला निघून गेले. रस्त्यावर "झालाच पाहिजे!"चा नुसता गजर. मुलं खिडकीशी, मी हरखलेली, आणि पांढऱ्या टोपीतले उंच तपासनीस दारात. मी मुलांना बसवलं, गोष्ट सांगितली, कामं दिली. सगळं कसं छान चाललं होतं! तपासनीस मागच्या बाकावर बसून बघत होते. पहिलीची अक्षरं झाली, शब्द झाले. मी टोलाची वाट बघत तेच शब्द पुन्हा घेतले. मग तिसऱ्यांदा घेतले. टोल पडेना.

फाटक बंद होतं. दरवानही मोर्चात गेला असावा. अख्ख्या खोलीत एक एक करत पाट्या पालथ्या पडत होत्या आणि कोणी जागचं हलत नव्हतं. टोल पडेपर्यंत हलायचं नाही, हे मीच तर शिकवलं होतं! इतकी शहाणी मुलं, आणि त्यांचा शहाणपणच माझ्या मुळावर आला होता.

"ही मुलं नुसतीच का बसली आहेत?" तपासनिसांनी विचारलं.

तेवढ्यात ती चौथीची मुलगी उभी राहिली. "बाई, टोल खंय? आज गिरण बंद आसा. भात शिजलो तर उतरूक व्हयो ना? टोलाची वाट बघत बसलो तर करपतलो."

मी म्हणाले, "तू उतरव."

तिने खोलीवरून नजर फिरवली. "दुसरीच्या सगळ्या पाट्या पालथ्या? मग कार्डं घ्या. पहिली, चिंचोके. ए, तुझी पाटी उलटी नाय, तू आधी पुरा कर." चौथीतली दोन मुलं टोपल्या घेऊन उठली. मी दुसरीच्या चटईवर जाऊन बसले, आणि खोली फिरू लागली, टोलाशिवाय, मला न विचारता! ज्याचं झालं तो पुढे, ज्याचं राहिलं तो बसून पुरं करी. पहिलीला अर्धा तास फार लांब होता आणि चौथीला निबंधासाठी तोच अपुरा, हे मला इतके दिवस दिसलंच नव्हतं. मला हसू येत होतं आणि रडूही. आनंद म्हणतात तो हाच, हे मला तेव्हाच कळलं.

तपासनिसांनी मला खूण करून बाहेर बोलावलं. "आता तुम्ही इथेच थांबा," ते म्हणाले, आणि पडवीत उभे राहून आत कान देऊन ऐकत राहिले. आत कुजबुज होती, चिंचोक्यांचा खुळखुळाट होता, मधूनच तिचा आवाज होता. गोंधळ नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुसला.

"वेळापत्रकात टोल लिहिला आहे तुम्ही. तो खोडा," ते म्हणाले. "आणि शाखेचं मी बघतो. ही मुलगी चौथी इथेच पुरी करेल."

मी त्यांना नमस्कार करायचंही विसरले आणि आत धावले.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली. मी तिसरीला भागाकार शिकवत होते, आणि ती पहिलीच्या चटईवर वाकून भावाच्या ढिगातले चिंचोके मोजत होती. समोरून टोल पडला, नेहमीसारखा ठणठणीत. खोलीतल्या एकाही मुलाने मान वर केली नाही. दचकून वर बघितलं ते फक्त मी.