नबी मिस्त्रीचा चौथा भाग

सिरसाळ्यात मोटर जळाली की माणूस नबी मिस्त्रीकडे येतो. विहिरीतून, बोअरमधून काढलेल्या मोटरी त्यांच्या दुकानासमोर ओळीने आडव्या पडलेल्या असतात आणि नबीभाई स्टुलावर बसून एकेकीचं पोट उघडून जळकी तार बाहेर ओढत असतात. त्यांचे हात कामात आणि तोंड गप्पांत, अशी त्यांची वाटणी आहे. सुताचा भाव विचारलात तर ते सरकी पेरण्यापासून सुरुवात करतील. गिऱ्हाइकाला घाई असते, नबीभाईंना नसते.

मी परमेश्वर. त्यांच्या समोरच माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ जोडता जोडता मी युट्यूबचंही शिकलो आणि गावात आपल्याइतकं त्यातलं कुणालाच कळत नाही, अशा समजुतीत वावरू लागलो. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते याच समजुतीने झालं.

नबीभाईंच्या मुलीने, फरजानाने, बापाचा चॅनल काढला. मोटर उठत नाही म्हणून शेतकरी ती विहिरीतून काढतात, टेम्पोत घालतात, इथवर आणतात आणि मग कळतं की मोटर धडधाकट आहे, दोष बांधावरच्या स्टार्टरच्या पेटीत होता. हा हेलपाटा वाचावा, एवढंच नबीभाईंना हवं होतं. स्वतःचं गिऱ्हाईक कमी करायला निघालेला मिस्त्री मी तरी दुसरा पाहिला नाही.

पहिला व्हिडिओ एकतीस मिनिटांचा झाला. लोक पहिल्या चाळीस सेकंदांत पळून जात होते. तोवर नबीभाई राधाकिशन नावाच्या कुणा शेतकऱ्याच्या विहिरीवरचा किस्सा सांगत असायचे, त्यातून नांदूरघाटच्या बाजारात शिरायचे, तिथून पुन्हा मोटरीवर यायचे.

फरजाना माझ्याकडे आली. "काका, अब्बाला काय सांगायचंय ते लोकांपर्यंत जातच न्हाई. काई तरी करा."

मी केलं. एकतीस मिनिटं ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरवला आणि कात्रीने त्याच्या पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टीला एकच प्रश्न विचारला, तू बघणाऱ्याच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहेस? जिला उत्तर देता आलं नाही ती केराच्या डब्यात. उरलेल्या पट्ट्यांचे चार ढीग झाले. पहिला, लाईट तिन्ही फेज आहे का. दुसरा, फ्यूज गेलाय का. तिसरा, स्टार्टर बिघडलाय का. चौथा, मोटरच जळालीय का. एका भागातून दुसऱ्यात जाताना नबीभाई रस्ता सोडायचे, म्हणून मी सांधे बांधून दिले. "तिन्ही फेज आहेत, तरी मोटर उठत नाही? मग फ्यूज बघू." एका भागाने प्रश्न टाकायचा, पुढच्याने उचलायचा. सगळ्यात वर मी वचन लिहिलं, "सात मिनिटांत तुम्ही स्वतः ओळखाल, मोटर जळालीय की नाही." वचन दिलं की माणूस ते पुरं होईस्तोवर थांबतो. आणि वचनाला जे लागत नाही ते कितीही चांगलं असो, काढायचं असतं.

केरात गेलेल्या पट्ट्यांवर एक वाक्य पुन्हा पुन्हा होतं. "मेन खाली वढा, फ्यूज काढा अन् खिशात टाका." नबीभाई हे दर किश्शात सांगायचे. पहिल्या भागात तयारी म्हणून मी ते एकदा ठेवलं आणि बाकीचं उडवलं.

कागद वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "फ्यूजचं एकदाच कावून?"

"नबीभाई, तेच तेच लई बोलता तुमी. मुद्द्यावर या."

"हाच मुद्दा हाय, परमेश्वर."

त्यांचा धाकटा भाऊ फिरोज एकोणीस वर्षांपूर्वी नांदूरघाटजवळ एका विहिरीवर शॉक लागून गेला, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लाईट गेलेली होती म्हणून त्याने पेटीत हात घातला आणि तेवढ्यात लाईट आली. पेटीला ऑटो होता. लाईट परतली की हा ऑटो कुणी बटण न दाबता मोटर सुरू करतो, म्हणजे शेतकऱ्याला खेटा पडत नाही. फ्यूज खिशात असता तर लाईट येऊनही पेटीत करंट शिरला नसता. मला वाटलं, सुरुवातीला याच्याइतकं धरून ठेवणारं दुसरं काय असणार? मी म्हणालो, "मग पहिल्याच मिनिटाला फिरोजचं सांगा. लोक जागचे हलणार न्हाईत."

नबीभाईंनी हातातली पक्कड खाली ठेवली. "भावाचं मढं दुकानापुढं मांडू का बे, गिऱ्हाईक थांबावं म्हणून?"

मी फिरोजचा हट्ट धरला नाही. पण फिरोज नको म्हणताना त्यांनी फ्यूजचा आग्रहही सोडून दिला, हे माझ्या पथ्यावर पडलं. आज त्याची लाज वाटते.

सात मिनिटांचा व्हिडिओ धावला. खाली वर्णनात मी कोणता भाग कितव्या मिनिटाला सुरू होतो त्या वेळा टाकल्या, चार भागांना चार नावं दिली. लोक हवं त्या भागावर बोट ठेवून थेट तिथे जाऊ लागले. सगळ्यात जास्त उड्या चौथ्या भागावर पडत होत्या. लोक कुठे थांबतात ते दाखवणाऱ्या युट्यूबच्या आलेखात तिथे उंचवटा दिसला की मला गुदगुल्या व्हायच्या. मग मी आणखी एक शहाणपणा केला. चौथा भाग जिथे सुरू होतो तिथूनच उघडेल अशी लिंक काढली आणि आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर टाकली. वर लिहिलं, "मोटर जळाली का? थेट इथून बघा."

दीड महिन्याने दुपारी एक जोडपं दुकानात आलं. दिंद्रुडचा अंगद आणि त्याची बायको बबिता. अंगदच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी होती आणि पट्टीच्या टोकाला बोटं असायला हवी तिथे दोनच होती. मी समोरून उठून आलो. मला वाटलं, मोटर आणलीय.

बबिताने मोबाईल नबीभाईंसमोर धरला. "ह्यो तुमीच ना?"

"हाव, मीच."

"ह्यानं एकबी सोडलं न्हाई तुमी म्हणलेलं. पेटी उघडा म्हणलाव, उघडली. मोटरीच्या तारा स्टार्टरपासून सोडा म्हणलाव, सोडाय लागला. लाईट न्हवती, म्हणून बिनघोर व्हता. मंग लाईट आली, ऑटोनं तारंत करंट सोडला. लाईट येईल म्हणून कुठं म्हणलाव तुमी? दाखवा मला."

नबीभाईंचा आवाज खाली गेला. "म्हणलो होतो, बाई. पहिल्या भागात."

"आमाला पहिला भाग आलाच न्हाई. ग्रुपवर आलतं ते इथूनच सुरू होतंय." तिने दाबून दाखवलं. पाच मिनिटं बारा सेकंद. माझाच सांधा पडद्यावरून बोलत होता, "स्टार्टर चांगला आहे? मग मोटर तपासू."

अंगद खाली बघत होता. "मिस्त्रीचा दोष न्हाई," तो म्हणाला. "मलाच घाई झालती." त्याने मला जोड्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. लिंक कुणी टाकली, हे त्याला माहीत नव्हतं. मी ते तेव्हा सांगितलंही नाही. नबीभाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, पण माझं नाव घेतलं नाही.

ते गेल्यावर नबीभाई म्हणाले, "ते जुनं लाव. एकतीस मिनिटाचं."

स्टुडिओत बसून आम्ही तिघांनी ते पुरं पाहिलं. फरजाना बोटांवर मोजत होती. फ्यूज खिशात टाका हे नबीभाई अकरा वेळा म्हणाले होते. कुठूनही बघायला लागलात तरी दोन-तीन मिनिटांत ते कानावर पडत होतं. ज्याला मी पाल्हाळ समजलो तो त्या माणसाने प्रत्येक वळणावर लावलेला पहारा होता. अकरातले दहा मी कापले होते, तेही नीटनेटकं दिसावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी दिंद्रुडला जाऊन अंगदला खरं सांगितलं. बबिताने चहाही विचारला नाही, आणि तिचं बरोबर होतं.

सात मिनिटांचा व्हिडिओ आम्ही काढून टाकला. नवा लिहायला बसलो तेव्हा नबीभाईंनी कात्री स्वतःकडे घेतली. चार भाग त्यांना मान्य होते. "ते तू ब्येस केलंस, मला सुधरत न्हवतं," म्हणाले. पण वचन त्यांनी बदललं आणि प्रत्येक सांध्यावर फ्यूजचंच वाक्य ठेवलं. मीही एक गोष्ट शिकलो होतो. भाग पाडले की प्रत्येक भाग हा कुणासाठी तरी पहिलाच असतो. म्हणून त्या भागात जीवावर बेतणारं जे आहे ते त्याच भागात, हात लावायच्या आधी सांगायचं. लोकांनी मागचं पाहिलं असेल, असं धरून चालायचं नाही.

फरजानाने मोबाईल धरला. नबीभाई खुर्चीवर बसले आणि कागदावर नसलेलं बोलू लागले. "माझा भाऊ फिरोज पेटीत हात घालून मेला. त्या पेटीला ऑटो मीच बसवला होता. म्हणून पहिलं वचन हे, की ह्यो व्हिडिओ बघून तपासताना तुमी मरणार न्हाई. मोटर जळाली का न्हाई, ते दुसरं." ऑटो त्यांनी बसवला होता, हे फरजानालाही ठाऊक नव्हतं. मोबाईल हलला, तो हललेला तुकडा आम्ही तसाच ठेवला. मग चारही भागांच्या तोंडाशी त्यांनी खिशातून फ्यूज काढून दाखवला आणि विचारलं, "तुमचा फ्यूज खिशात हाय का? हाय, तर पुढं चला."

नवा व्हिडिओ पावणेदहा मिनिटांचा आहे. तो चालत नाही. आलेख काढून बघितला तर नबीभाई फ्यूज दाखवतात तिथे चारही वेळा लोक पुढे सरकवतात. आणि जुन्याचा चौथा भाग कुणीतरी आधीच कापून घेतला होता. त्याला गाणं लावून तो अजून फिरतो आहे. तक्रार केली की एक निघतो आणि दोन येतात. माझी कात्री किती चांगली चालली होती, ते असं कळतं.

परवा नव्या व्हिडिओखाली एक कमेंट आली. नबीभाईंना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून फरजानाने वाचून दाखवली. "काका, तेच तेच लई बोलता तुमी. मुद्द्यावर या."

मी तिथेच उभा होतो. माझंच वाक्य, नबीभाईंच्या जागी काका, बाकी एकही शब्द इकडचा तिकडे नाही. फरजाना माझ्याकडे न बघता मोबाईलकडे बघत राहिली.

नबीभाईंनी तार गुंडाळणं थांबवलं नाही. "त्याला लिव," ते म्हणाले, "फ्यूज खिशात हाय का, तेवढं सांग पहिलं."

तिने लिहिलं. आज चार दिवस झाले. दुकान उघडलं की नबीभाई आधी तिला विचारतात, त्याचं काही आलं का. अजून आलेलं नाही.